फोटोतली ही गोल पारदर्शक चकती माशांच्या टाकीला कुठे लावतात?

मुग्धा_कोलशेत

नमस्कार मंडळी. आमच्याच बिल्डिंगमधले एक कुटुंब पुण्याला गेले. जाताना त्यांनी दोन फुटी काचेची टाकी, दोन गोल्डफिश आणि एक बिस्किटाचा डबा भरून सुटे सामान आम्हाला दिले. सासऱ्यांनी टाकी लोखंडी स्टँडवर मांडली, हवेचा पंप स्टँडच्या खालच्या फळीवर ठेवला, नळी वर नेऊन तिच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड तळाशी सोडला. बुडबुडे येतात, मासे खातात-पितात, सगळे ठीक दिसते.

पण डब्यात ही वस्तू उरली आहे. फोटो जोडते आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी गोल चकती, दोन्ही बाजूंना मध्यभागी नळी बसेल अशी टोके. एक अर्धी बाजू निळसर, दुसरी स्वच्छ. आत काहीतरी दुधी रंगाचे पातळ दिसते. शेजारी एक करडे रबरी बूच आहे, त्याला आरपार भोक आहे, तेही कशाचे ते कळत नाही. ज्यांनी दिले त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "दुकानदाराने लावून दिले होते, आम्ही कधी काढून पाहिले नाही."

ही चकती नसली तरी चालते आहे, मग ती लावायची गरज आहे का?

सानपाडा_विनायक

हा हवेचा फिल्टर आहे ताई. पंप खोलीतली धूळ ओढतो, ती पाण्यात जाऊ नये म्हणून मध्ये लावतात. आत दुधी दिसतेय तो फिल्टर पेपर. लावलात तर उत्तम, नाही लावलात तर फारसे काही बिघडत नाही. माझ्याकडे तर कधीच नव्हता.

अनुराधा_सिस्टर

विनायक म्हणतात तशी वस्तू असते, मी रोज हाताळते. वॉर्डात सक्शन मशीनच्या नळीत अगदी अशीच गोल चकती असते, जंतू आणि ओलावा मशीनमध्ये जाऊ नये म्हणून. पण आमच्या चकतीत आतला पडदा पांढराशुभ्र, कागदासारखा असतो, त्याच्यामागचे काही दिसत नाही. आणि आतून मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेघा असतात. मुग्धाताईंच्या फोटोत आरपार बोट दिसते आहे. त्यामुळे मला खात्री वाटत नाही.

प्रणव_ऐरोली

माझ्या प्लांटेड टाकीत सीओटूचा बबल काउंटर आहे, तोही पारदर्शक आणि दोन्ही बाजूंना नळी जोडायची. हा तोच असावा. त्यात पाणी भरून सेकंदाला किती बुडबुडे जातात ते मोजायचे. ताई, तुमच्या टाकीत वनस्पती आहेत का? असतील तर सिलिंडर कुठे आहे तेही शोधा.

मुग्धा_कोलशेत

वनस्पती नाहीत हो, एक प्लॅस्टिकचे झाड आहे. सिलिंडर वगैरे काहीच दिलेले नाही.

नेरुळचे_काका

मुग्धा, आधी एक काम कर. पंप खालच्या फळीवर आहे म्हणालीस, तो आजच्या आज टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेव. भिंतीला खिळा असेल तर टांग, नाहीतर शेजारच्या कपाटावर ठेव. कारण खाली सांगतो. आधी हे कर.

आता फोटोबद्दल. बबल काउंटर नाही. तो उभट असतो, कारण त्यात पाण्याचा थर राहायला हवा आणि आत एक बारीक नळी खाली उतरलेली दिसते. चपट्या चकतीत बुडबुडे मोजता येणार नाहीत. विनायकने सांगितलेला फिल्टरही वाटत नाही, त्याचे कारण अनुराधाताईंनी बरोबर पकडले आहे. गाळायचा पडदा मागचे दिसू देत नाही. तुझ्या फोटोत जे दुधी आहे ते मधोमध एक छोटे वर्तुळ आहे, कडेपर्यंत पोचलेले नाही, आणि त्याच्याभोवती मोकळी जागा दिसते. ती रबराची पातळ टिकली आहे. चकतीचे दोन अर्धे वेगवेगळे बनवून मध्ये टिकली ठेवून चिकटवलेले आहेत, म्हणून रंग दोन.

माझ्या मते ही एकमार्गी झडप आहे. दुकानात चेक व्हॉल्व्ह किंवा नुसते नॉन रिटर्न म्हणतात. हवा पंपाकडून टाकीकडे जाऊ देते, पाणी उलटे पंपाकडे येऊ देत नाही.

पण फोटोवरून माझे "माझ्या मते" इथेच थांबते. आणखी दोन फोटो पाठव. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेव, ते 27 मिमी असते, म्हणजे आकार कळेल. काळ्या कापडावर ठेवून बाजूने टॉर्च मार, वरून नको. अशा चकत्यांवर बाण किंवा अक्षरे उठावात असतात, प्लॅस्टिकच्याच रंगाची, त्यामुळे समोरून उजेड पडला की ती नाहीशी होतात. तरी दिसले नाही तर थोडी टाल्कम पावडर बोटाने चोळ, उठावाच्या कडेला पावडर अडकते. नंतर धुऊन टाक.

सानपाडा_विनायक

काका, पंप वर ठेवायची एवढी घाई का? माझा पंप वर्षानुवर्षे टाकीखालच्या कपाटात आहे, झडप-बिडप काही नाही, कधी थेंब आला नाही. लाईट जाते-येते, काही होत नाही.

नेरुळचे_काका

विनायक, तुझा अनुभव खरा आहे आणि त्यामागे कारणही आहे.

पंप चालू असताना नळीत हवेचा दाब असतो, तो पाण्याला खाली दाबून ठेवतो. लाईट गेली की दाब सुटतो, कारण पंपाच्या आतल्या रबरी झडपा हवा अडवायला घट्ट नसतात, हवा हळूहळू मागे निसटते. मग पाणी दगडातून नळीत चढते. पण किती चढते? टाकीत जेवढी पातळी आहे तेवढेच. काठ पातळीपेक्षा वर असेल तर पाणी तिथेच थांबते आणि काही होत नाही. तुझ्याकडे बहुतेक टाकी थोडी रिकामी असते, नळी काठावरून उंच कमान करून येते आणि दगड जुना, घट्ट आहे, म्हणून पाणी हळू चढते.

आता दुसरी टाकी घे. काठाच्या जवळपास भरलेली, नळी काठाला चिकटून खाली वळलेली, आणि टोकाला दगडच नाही किंवा दगड नवा, मोकळा. अशा वेळी दाब सुटताच पाणी झपकन वर येते, वेगामुळे आपल्या पातळीच्या थोडे वर उसळते आणि काठ ओलांडते. एकदा का ते पलीकडच्या उतारावर पोचले की पुढे ढकलायला कुणी लागत नाही. सायफन सुरू झाला. पंप जितका खाली, तितकी ओढ जास्त.

आणि ते थांबते कधी? पाण्याची पातळी दगडापर्यंत उतरली की. दगड तळाशी असेल तर जवळजवळ सगळी टाकी. दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट म्हणजे काठोकाठ भरली तर छप्पन लिटरच्या आसपास. हे पाणी पंपातून बाहेर पडते, आणि पंप प्लगला जोडलेला असतो. लाईट परत आली की पुढचे सांगायला नको.

म्हणून पंप वर ठेवणे हा पहिला उपाय, झडप हा दुसरा. वर ठेवलेल्या पंपाकडे सायफन होऊच शकत नाही. झडप मात्र बिघडू शकते.

दिवा_शुभांगी

मला वाटले पट्ट्याचा फोटो आहे, कारण मी शोधत होते कुत्र्याच्या हार्नेसची बकल. तरी वाचले. आमच्याकडे कासवाची टाकी आहे, पाणी फक्त चार बोटे. त्यालाही हे लावायचे का? पंप खालीच आहे.

नेरुळचे_काका

शुभांगीताई, टाकीचा काठ पाण्यापेक्षा हातभर उंच असेल तर पाणी चढून बाहेर यायची शक्यता फारच कमी. पण नळी काठावरून न जाता टाकीच्या तळाजवळच्या भोकातून बाहेर काढलेली असेल तर वेगळे. तिथे काठ ओलांडायचाच नाही, पाणी सरळ वाहत येणार. तसे असेल तर पंप उंचावर हवाच.

मुग्धा_कोलशेत

काका, पंप दूरदर्शनच्या वरच्या फळीवर ठेवला, पातळीपेक्षा वीतभर उंच आहे. आवाज थोडा वाढला, खाली रुमाल घातला.

नवे फोटो टाकले आहेत. चकती दहाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान आहे. टॉर्च बाजूने मारल्यावर स्वच्छ बाजूवर खरोखर एक बाण दिसला! निळ्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे. दुसरे काही लिहिलेले नाही. नळी दोन्ही टोकांना सारखीच बसते, पंपाची आहे तीच.

नेरुळचे_काका

मग ओळख पटली. बाण हवा जायची दिशा दाखवतो. निळे टोक पंपाकडे, स्वच्छ टोक टाकीकडे. पण रंगावर कायम विश्वास ठेवू नकोस, दुसऱ्या बनावटीत रंगीत बाजू उलट असू शकते किंवा दोन्ही बाजू एकच रंगाच्या असतात. बाण, आणि बाण नसेल तर फुंकून पाहणे.

चकती धुऊन घे. प्रत्येक टोकाला नळीचा छोटा तुकडा लाव आणि एकेका बाजूने फुंक. जिकडून हवा पार जाते ती पंपाची बाजू. ओढून पाहू नकोस, फक्त फुंक. उलट्या बाजूने आधी जोरात आणि मग अगदी हलके, मेणबत्ती नुसती हलेल इतके, फुंक. दोन्ही वेळा काय होते ते लिही.

अनुराधा_सिस्टर

हलके फुंकायचे कशाला? जोरात अडते म्हणजे चांगलीच ना?

नेरुळचे_काका

इथेच बरेच लोक जुनी झडप चांगली समजून परत लावतात. टिकली रबराची आहे. मागून जोर आला की ती आपोआप आपल्या जागेवर घट्ट दाबली जाते. जोराने फुंकलेली हवा तिला स्वतःच बंद करते. पण टाकीच्या नळीतून परत येणारे पाणी तसा जोर लावत नाही, सुरुवातीला तर ते जेमतेम टेकलेले असते. रबर वयाने कडक किंवा वाकडे झाले असेल, किंवा त्यावर पाण्याच्या क्षाराचा कण बसला असेल, तर कमी जोरावर फट राहते. थेंबथेंब पाणी गळते आणि कुणाला कळत नाही.

मुग्धा_कोलशेत

निळ्या बाजूने हवा सहज जाते. स्वच्छ बाजूने जोरात फुंकले तर पूर्ण अडते, गाल फुगतात. हलके फुंकले तर बारीक "स्स्स" आवाज येतो, दुसऱ्या टोकाला ओठ लावून पाहिले तर हवा लागते.

सासरे म्हणतात एवढ्याने काय होते, वापर.

नेरुळचे_काका

त्यांना पाण्यानेच दाखवता येईल. स्वच्छ टोकाला हातभर नळी लाव आणि चकती खाली, नळी उभी वर, अशी दरवाजाच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला बांध. वरून नळीत ड्रॉपरने पाणी भर. निळे टोक खाली मोकळे राहू दे आणि त्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेव. आता पाणी उलट दिशेने झडपेवर उभे आहे, अगदी टाकीत असेल तसे. भरताना नळीत हवेचा फुगा अडकला तर टिचकी मारून काढ, नाहीतर पाणी खाली पोचतच नाही आणि झडप चांगली वाटते. रात्रभर राहू दे. नळीवर पेनाने पातळीची खूण कर.

प्रणव_ऐरोली

काका, माझ्या सीओटूच्या नळीतही झडप आहे, ती पितळी आहे. हीच प्लॅस्टिकची तिथे चालेल का? पितळी महाग पडली.

नेरुळचे_काका

हवेची प्लॅस्टिक झडप सीओटूला लावू नकोस. तिथे दाब जास्त असतो, आणि सीओटू पाण्यात मिसळून आम्लपणा येतो, कालांतराने हे प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही ठिसूळ होतात. पितळीच राहू दे. तिथे पाणी मागे गेले तर रेग्युलेटर जाईल, तो झडपेपेक्षा कितीतरी महाग.

मुग्धा_कोलशेत

सकाळी पाहिले. टिश्यूवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा ओला डाग आणि पातळी खुणेच्या खाली बोटभर. सासऱ्यांनी स्वतः पाहिले, आता तेच म्हणतायत नवी आणू.

कुर्ल्याला जायचे की इथे ठाण्यातच मिळेल?

सानपाडा_विनायक

टाकी विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळेल, यासाठी कुर्ल्यापर्यंत कशाला. पण दोन घ्या. माझा मुद्दा बदललेला नाही, माझ्याकडे कधी पाणी आले नाही, पण काकांचे वाचून मी काठाची उंची मोजली. माझी टाकी चार बोटे रिकामी असते, म्हणजे त्यांनी सांगितले तसेच.

नेरुळचे_काका

दोन घे हे विनायकने बरोबर सांगितले. आणि नव्या झडपेलाही तीच रात्रीची परीक्षा दे. नवीन म्हणजे चांगलीच असे नाही, चिकटवताना टिकली जरा तिरकी बसली की पाकिटातूनच गळकी निघते.

मुग्धा_कोलशेत

दोन आणल्या. एकावर बाण आहे, दुसरीवर बाण नाही, फक्त एका टोकाशी "इन" कोरलेले आहे. फुंकून पाहिले, "इन"कडून हवा जाते. दोन्ही रात्रभर पाण्याखाली टांगल्या. बाणवाली कोरडी. "इन"वालीने खाली एक थेंब सोडला, पातळी मात्र खुणेवरच. ही ठेवू की टाकू?

आणि एक अडचण. बाणवाली लावल्यावर बुडबुडे कमी झाले. पूर्वी दगडातून सगळीकडून येत, आता एकाच कोपऱ्यातून.

नेरुळचे_काका

एक थेंब भरताना बाहेर सांडलेला असू शकतो. बाहेरून पुसून परत एक रात्र लाव. पुन्हा टिश्यू ओला झाला तर टाकून दे.

बुडबुड्यांचे असे आहे. झडप उघडायला पंपाचा थोडा जोर खर्च होतो. पंपाकडे जोर उरलेला असेल तर ते जाणवत नाही. तुझ्याकडे जाणवले म्हणजे पंप आधीच काठावर होता, आणि त्याचे कारण बहुतेक दगड आहे. दगड काढून नळीचे नुसते टोक त्याच खोलीवर धर. जोरात मोठे बुडबुडे आले तर पंप आणि झडप ठीक, दगड बुजला आहे. नळी रिकामी असूनही हवा मंद असेल तर पंपाच्या आतल्या रबरी झडपा किंवा पडदा थकला.

बुजलेला दगड एका कोपऱ्यातून हवा सोडतो, कारण तेवढीच छिद्रे उघडी असतात. नवा दगड स्वस्त आहे, आणलास तर लावण्यापूर्वी थोडा वेळ पाण्यात भिजव. जुना दगड बुजलेलाच ठेवून पंप रेटू नकोस, मागचा दाब वाढत राहतो आणि पंपाचा पडदा लवकर फाटतो.

मुग्धा_कोलशेत

नळीचे टोक धरले तर धबाधबा हवा आली! म्हणजे दगडच. नवा लावला, बुडबुडे आधीपेक्षाही बारीक आणि सगळीकडून.

झडप कुठे लावू? आत्ता पंपाजवळ आहे.

अनुराधा_सिस्टर

पंपाजवळच हवी ना, पंप वाचवायचा आहे तर.

नेरुळचे_काका

यावर माझे आणि माझ्या जुन्या दुकानदार मित्राचे अजून एकमत नाही. तो पंपाजवळ लावतो, म्हणतो तिथे हाताशी असते. मी टाकीच्या काठाजवळ, पण पाण्याच्या पातळीच्या वर लावतो. लाईट गेल्यावर पाणी नळीत चढतेच, ते झडपेपर्यंत पोचलेच नाही तर टिकलीवर क्षार बसत नाही, झडप जास्त टिकते. पंपाजवळ लावलीस आणि पंप वर असेल तर फार फरक पडत नाही. बाण मात्र टाकीकडेच.

दिवा_शुभांगी

आमच्याकडे दोन टाक्या आहेत, एक कासवाची जमिनीवर आणि एक माशांची टेबलावर, एकाच पंपाला टी जोडून. टीच्या आधी एक झडप लावली की दोन्हींचे काम होईल ना?

नेरुळचे_काका

पंप वाचेल, टाक्या नाही वाचणार. एक वर, एक खाली असल्याने लाईट गेली की माशांचे पाणी टीमधून कासवाकडे उतरू शकते, टीच्या आधीची झडप त्या वाटेत येतच नाही. टीनंतर प्रत्येक फाट्यावर एकेक झडप लावा, आधीची काढली तरी चालेल. आणि दोन झडपा, दोन दगड म्हणजे पंपाला जास्त जोर लागणार, खोल टाकीतले बुडबुडे आधी कमी होतील. तिकडे लक्ष ठेवा.

मुग्धा_कोलशेत

सगळ्यांचे आभार. टिश्यूची परीक्षा दुसऱ्या रात्री घेतली, "इन"वाली कोरडी निघाली, ती डब्यात जपून ठेवली. जुनी टाकली.

ते करडे बूच मात्र अजून तसेच आहे. नळी त्याच्या भोकात घट्ट बसते, पण टाकीला कुठेही एवढे भोक नाही. चकतीपेक्षा जरासे लहान, एका बाजूला निमुळते. कुणाला ओळखता येते का?

प्रणव_ऐरोली

स्वतः बनवायच्या यीस्टच्या सीओटू बाटलीचे बूच असेल का? त्यातही असे भोक पाडलेले रबर वापरतात.

नेरुळचे_काका

असेलही. पण ज्यांनी दिले त्यांच्याकडे वनस्पती नव्हत्या. तळाशी काचेला भोक पाडलेली जुनी टाकी त्यांच्याकडे पूर्वी होती का, तेवढे फोनवर विचार. मापासाठी नाणे ठेवून बाजूने एक फोटोही टाक.